त्रिकोणातील छेदबिंदू आणि शिरोबिंदूंवरचे भार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेव्हियन म्हणजे नेमके काय, आणि इथे कोणता प्रश्न सोडवायचा आहे?

त्रिकोणाच्या एखाद्या शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूवरील कोणत्याही बिंदूपर्यंत काढलेल्या रेषाखंडाला सेव्हियन म्हणतात. मध्यगा, कोनदुभाजक आणि शिरोलंब हे त्याचे आपल्या ओळखीचे प्रकार आहेत, परंतु समोरची बाजू कोणत्याही गुणोत्तरात विभागली गेली तरी तो रेषाखंड सेव्हियनच राहतो. हे नाव इटालियन गणिती जोव्हान्नी सेव्हा यांच्यावरून पडले. तीन सेव्हियन एका बिंदूत केव्हा मिळतात हे सांगणारे त्यांचे प्रमेय १६७८ साली प्रसिद्ध झाले. मात्र सारागोसाचा राजा आणि गणिती अल्-मुतमन याने ते अकराव्या शतकातच सिद्ध केले होते.

या पानावर आरंभापासून शेवटाजवळपर्यंत एकच त्रिकोण वापरला आहे. △ABC मध्ये बाजू BC वर D हा बिंदू असा आहे की BD : DC = ३ : २, आणि बाजू AC वर E हा बिंदू असा आहे की AE : EC = १ : २. रेख AD आणि रेख BE एकमेकांना P मध्ये छेदतात. AP : PD आणि BP : PE ही गुणोत्तरे काढायची आहेत. वाचताना कागदावर आकृती काढून घ्यावी. ती प्रमाणात नसली तरी चालेल, पण अक्षरे योग्य जागी असली पाहिजेत.

बिंदूला भार कसा असेल? बिंदूला तर लांबी-रुंदीही नसते.

भार ही आपण बिंदूला जोडलेली एक संख्या आहे, आणि ती जोडण्यामागे तरफेचा नियम आहे. वजन नसलेल्या दांडीच्या दोन टोकांना दोन वजने टांगली, तर टेकू कुठे ठेवल्यास दांडी आडवी राहील हे आर्किमिडीजने सांगितले आहे: एका बाजूचे वजन गुणिले त्याचे टेकूपासूनचे अंतर हे दुसऱ्या बाजूच्या तशाच गुणाकाराइतके असले पाहिजे. जड वजन टेकूच्या जवळ येते आणि हलके दूर जाते.

त्रिकोणाची प्रत्येक बाजू ही अशी दांडी समजायची आणि तिच्यावरचा दिलेला बिंदू हा टेकू समजायचा. D हा BC चा टेकू असेल, तर B चा भार गुणिले BD हे C चा भार गुणिले DC इतके हवे. इथे BD : DC = ३ : २ आहे, म्हणून B आणि C यांचे भार २ : ३ या प्रमाणात येतात. दांडी टेकूवर तोलली गेली की दोन्ही टोकांचा एकत्रित भार टेकूवर पडतो, म्हणून D चा भार २ + ३ = ५ मानायचा.

गुणोत्तर उलटे होते, तिथेच माझी चूक होते. ती कशी टाळावी?

नियम पाठ करण्यापेक्षा प्रत्येक वेळी एक प्रश्न मनाशी विचारावा: टेकू कोणत्या टोकाच्या जवळ आहे? जे टोक जवळ, ते जड. आपल्या आकृतीत D हा C च्या जवळ आहे, तेव्हा C चा भार B पेक्षा जास्त असलाच पाहिजे. ३ हा आकडा C ला आणि २ हा B ला मिळाला, हे त्याच्याशी जुळते.

ही चूक फसवी असते, कारण उलटे भार घेतले तरी बेरजा व्यवस्थित होतात आणि पूर्णांकांत नीटनेटके उत्तर मिळते. आकडेमोडीत कुठेही अडथळा येत नाही, म्हणून चूक आपोआप लक्षात येत नाही. दोन्ही बाजूंवरची गुणोत्तरे १ : १ असतील, म्हणजे दोन्ही सेव्हियन मध्यगा असतील, तर उलटे घेऊनही उत्तर बरोबरच येते. केवळ मध्यगांच्या उदाहरणावर पद्धत शिकलेल्या विद्यार्थ्याला ही उणीव बरेच दिवस कळत नाही, त्याचे कारण हेच असावे.

आता प्रत्यक्ष उदाहरण सोडवून दाखवाल का?

BC वरून B चा भार २ आणि C चा भार ३ मिळाला. आता AC कडे वळू. AE : EC = १ : २ आहे, म्हणजे टेकू A च्या जवळ आहे आणि A व C यांचे भार २ : १ या प्रमाणात हवेत. पण C ला आधीच ३ भार दिलेला आहे आणि एका शिरोबिंदूला दोन वेगवेगळे भार असू शकत नाहीत. म्हणून २ : १ या गुणोत्तराची दोन्ही पदे ३ ने गुणून ते ६ : ३ असे लिहायचे. आता A ला ६, B ला २ आणि C ला ३ असे भार मिळाले. दोन्ही बाजूंच्या अटींत येणारा C हा शिरोबिंदू या सगळ्याला जोडणारा दुवा आहे. त्याचा भार दोन्हीकडे सारखा होईपर्यंत पुढे जाऊ नये.

पायांचे भार बेरजेने मिळतात. D वर २ + ३ = ५ आणि E वर ६ + ३ = ९. आता रेख AD हीच एक दांडी समजू: तिच्या एका टोकाला A चा ६ भार आहे, दुसऱ्या टोकाला D चा ५ भार आहे आणि P हा टेकू आहे. त्यामुळे

AP : PD = ५ : ६

रेख BE वर B चा भार २ आणि E चा भार ९ आहे, म्हणून

BP : PE = ९ : २

P वरचा एकूण भार AD वरून मोजला तर ६ + ५ = ११ आणि BE वरून मोजला तरी २ + ९ = ११ येतो. ही दोन उत्तरे वेगळी आली, तर कुठेतरी बेरीज चुकली आहे किंवा C चा भार दोन्हीकडे जुळवायचा राहून गेला आहे.

आता C मधून P कडे जाणारी रेषा वाढवून ती AB ला F मध्ये छेदते असे समजा. F बद्दल आपल्याला काहीच दिलेले नव्हते, तरी A चा भार ६ आणि B चा २ यांवरून AF : FB = २ : ६, म्हणजे १ : ३ हे लगेच मिळते. F वरचा भार ८ आहे, म्हणून CP : PF = ८ : ३.

P हाच टेकू असतो हे कशावरून? इथे काहीतरी गृहीत धरल्यासारखे वाटते.

या शंकेचे उत्तर न देता पद्धत वापरणे म्हणजे केवळ युक्ती पाठ करणे होय, म्हणून इथे थोडे थांबू.

A, B, C यांवर ६, २, ३ हे भार ठेवले की या तिघांचा मिळून एकच गुरुत्वमध्य असतो. तो शोधताना भार कोणत्याही क्रमाने एकत्र करता येतात. आधी B आणि C एकत्र केले, तर त्यांच्याऐवजी D वर ५ भार ठेवता येतो. मग A आणि D यांचा गुरुत्वमध्य काढायचा आणि तो अर्थातच रेख AD वर असणार. आधी A आणि C एकत्र केले, तर त्यांच्याऐवजी E वर ९ भार येतो आणि गुरुत्वमध्य रेख BE वर असणार. पण गुरुत्वमध्य एकच आहे. जो बिंदू AD वरही आहे आणि BE वरही आहे, तो त्यांचा छेदबिंदू P शिवाय दुसरा असू शकत नाही. म्हणून P हाच टेकू.

क्रम बदलला तरी गुरुत्वमध्य बदलत नाही, हे सदिशांच्या भाषेत एका ओळीत दिसते:

P = (६A + २B + ३C) / ११

इथे ६A + (२B + ३C) असे कंस घातले की AD दिसतो आणि २B + (६A + ३C) असे घातले की BE दिसतो. बेरजेचा साहचर्य नियम हाच या पद्धतीचा खरा आधार आहे. तराजू आणि टेकू ही त्याची बोलीभाषा झाली. जर्मन गणिती म्यॉबियस यांनी १८२७ साली याच कल्पनेवर बिंदूंची एक पूर्ण निर्देशकपद्धती उभारली, आणि त्या दृष्टीने ६, २, ३ हे P चे निर्देशकच आहेत.

हेच उत्तर शाळेतल्या प्रमेयांनी येते का?

येते, आणि एकदा तरी ते काढून पाहावे. D मधून BE ला समांतर रेषा काढा. ती AC ला G मध्ये छेदू द्या. △CBE मध्ये DG ∥ BE असल्याने प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयानुसार EG : GC = BD : DC = ३ : २. AE ला ५ एकके मानले तर EC म्हणजे १० एकके, आणि त्याचे ३ : २ असे भाग पाडले की EG = ६ व GC = ४. आता △ADG मध्ये PE ∥ DG आहे, म्हणून AP : PD = AE : EG = ५ : ६.

उत्तर तेच आले. मात्र BP : PE साठी दुसरी समांतर रेषा काढावी लागते आणि F साठी आणखी एक. भारांच्या पद्धतीत तीन आकडे एकदा ठरले की आकृतीतली सगळी गुणोत्तरे त्यांतूनच वाचता येतात. एकच गुणोत्तर हवे असेल, तर समांतर रेषेची रीतही तितकीच सोपी आहे असे माझे मत आहे.

उत्तर बरोबर आहे की नाही हे चटकन कसे तपासावे?

PD हा AD चा कितवा भाग आहे, PE हा BE चा कितवा भाग आहे आणि PF हा CF चा कितवा भाग आहे, हे तीन अपूर्णांक मिळवले तर बेरीज १ आली पाहिजे. आपल्या त्रिकोणात ते ६/११, २/११ आणि ३/११ आहेत, आणि त्यांची बेरीज १ होते. यामागे क्षेत्रफळ आहे: △PBC आणि △ABC यांचा पाया एकच असल्यामुळे त्यांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर PD : AD इतके असते, आणि △PBC, △PCA, △PAB हे तिन्ही मिळून मूळ त्रिकोण पूर्ण भरतात. त्यामुळे शिरोबिंदूवरचा भार हा समोरच्या लहान त्रिकोणाच्या क्षेत्रफळाचाही वाटा सांगतो.

परंतु या तपासणीने गुणोत्तर उलटे घेतल्याची चूक सापडत नाही, कारण उलट्या भारांचीही बेरीज जुळतेच. त्यासाठी निर्देशक वापरावेत. B(०, ०), C(५, ०) आणि A(०, ३) घेतले तर D(३, ०) आणि E(५/३, २) येतात, आणि सूत्रावरून P(१५/११, १८/११) मिळतो. AD या रेषेवर x + y = ३ असते; १५/११ + १८/११ = ३३/११ = ३. BE या रेषेवर y = (६/५)x असते; (६/५) × (१५/११) = १८/११. दोन्ही जुळले. गुणोत्तरे त्रिकोणाच्या आकारावर अवलंबून नसल्यामुळे सोयीचा कोणताही त्रिकोण घेऊन तपासणी करता येते.

छेदणारी रेषा कोणत्याच शिरोबिंदूतून जात नसेल तर?

तेव्हा एका शिरोबिंदूचा भार दोन वाट्यांत विभागावा लागतो. आपल्याच त्रिकोणात AB चा मध्यबिंदू M घ्या आणि रेख ME काढा. ती AD ला Q मध्ये छेदते. AQ : QD किती?

B चा भार २ आणि C चा भार ३ हे D मुळे ठरलेलेच आहेत. बाजू AB वर M मध्यबिंदू असल्याने, B ला तोलण्यासाठी A वर २ भार हवा. बाजू AC वर E मुळे, C ला तोलण्यासाठी A वर ६ भार हवा. म्हणजे A वर दोन वेगळे भार ठेवलेले आहेत, एक AB साठी आणि एक AC साठी. एकूण भार ८. AD वर पाहिले तर A चा ८ आणि D चा ५, म्हणून AQ : QD = ५ : ८. ME वर पाहिले तर M चा २ + २ = ४ आणि E चा ६ + ३ = ९, म्हणून MQ : QE = ९ : ४. दोन्हीकडून एकूण १३ येते.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे E चा भार काढताना A चे सगळे ८ मोजणे. E वर फक्त AC साठी ठेवलेला वाटाच येतो. वाटे वेगळे लिहिण्याची सवय ठेवावी. आकृतीत A जवळ ८ न लिहिता २ + ६ असेच लिहावे.

तीन सेव्हियन दिले आहेत, पण भार जुळतच नाहीत. काय चुकले असेल?

बहुधा काहीच चुकलेले नसते. ते तीन सेव्हियन एका बिंदूत मिळत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ असतो. आपल्या त्रिकोणात F हा AB चा मध्यबिंदू दिला असता, तर A आणि B चे भार सारखे असावे लागले असते. पण D आणि E यांनी ते ६ आणि २ असे आधीच ठरवले आहेत. म्हणजे ही मध्यगा P मधून जात नाही. भार जुळणे हीच एकत्र मिळण्याची कसोटी आहे, आणि सेव्हा यांचे प्रमेय तेच वेगळ्या शब्दांत सांगते.

अशा वेळी तिन्ही रेषांसाठी एकच भारसंच शोधत बसू नये. रेषांची एक जोडी घ्यावी, तिचे भार काढावेत, गुणोत्तरे लिहून ठेवावीत आणि दुसऱ्या जोडीसाठी पाटी कोरी करावी. प्रसिद्ध उदाहरण तिन्ही बाजूंवर एक-तृतीयांशावर घेतलेल्या बिंदूंचे आहे: BD : DC = CE : EA = AF : FB = १ : २. AD आणि BE या जोडीसाठी A, B, C वर १, ४, २ असे भार येतात, म्हणून त्यांचा छेदबिंदू AD ला A पासून ६ : १ असा विभागतो. AD आणि CF या जोडीसाठी भार ४, २, १ असे येतात, म्हणून तो छेदबिंदू AD ला ३ : ४ असा विभागतो. दोन्ही एकत्र पाहिले की AD चे ३ : ३ : १ असे तीन तुकडे पडतात, आणि सारख्याच मांडणीमुळे BE व CF चेही तसेच पडतात. AD आणि BE यांचा छेदबिंदू, A आणि B मिळून जो त्रिकोण होतो, त्याचे क्षेत्रफळ C च्या भारावरून एकूणाच्या २/७ आहे. असे तीन त्रिकोण काढून टाकले की मध्ये उरलेला लहान त्रिकोण मूळ त्रिकोणाच्या १/७ असतो.

बाजू विभागल्याचे गुणोत्तर दिले नसून कोनदुभाजक दिले असतील तर?

कोनदुभाजकाच्या प्रमेयावरून गुणोत्तर मिळते: A मधील दुभाजक BC ला AB : AC या प्रमाणात विभागतो. त्यामुळे प्रत्येक शिरोबिंदूचा भार म्हणजे त्याच्या समोरच्या बाजूची लांबी. BC = ५, CA = ६, AB = ७ असेल तर भार ५, ६, ७, आणि A मधील दुभाजकाला अंतर्वर्तुळाचे केंद्र १३ : ५ या प्रमाणात विभागते.

गणित ऑलिंपियाडच्या उत्तरपत्रिकेत ही पद्धत लिहिलेली चालते का?

नुसते «A ला ६ भार दिला» असे लिहून थेट उत्तर मांडले, तर वाचणाऱ्याला त्यात सिद्धता दिसणार नाही. «शिरोबिंदूंवर ६, २, ३ हे भार ठेवून त्यांचा गुरुत्वमध्य घेऊ, B व C यांचा गुरुत्वमध्य D आहे आणि A व C यांचा E आहे, म्हणून एकूण गुरुत्वमध्य AD आणि BE या दोन्हींवर आहे» हे एक वाक्य लिहिले की युक्तिवाद पूर्ण होतो. दहावीच्या उत्तरपत्रिकेत मात्र समांतर रेषेची आणि प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयाची रीत लिहावी आणि भारांनी आलेले उत्तर कच्च्या कागदावर पडताळणीसाठी ठेवावे.

बिंदू बाजूच्या बाहेर, वाढवलेल्या रेषेवर असेल तर भार चालतात का?

चालतात, पण एक भार ऋण घ्यावा लागतो. समजा BC ही C च्या पलीकडे वाढवली आहे आणि तिच्यावरील D साठी BD = ३ व DC = १ आहे. तेव्हा B ला १ आणि C ला −३ भार द्यायचा. D चा भार −२ येतो. B ० वर आणि C २ वर मानला तर D चे स्थान (१ × ० − ३ × २) / (−२) = ३ असे बरोबर मिळते. तराजूचे चित्र इथे उपयोगी पडत नाही, सदिशांचे सूत्र मात्र तसेच लागू राहते.

एका ठिकाणी तेही अडते. B ला १ आणि C ला −१ असे भार आले, तर बेरीज शून्य होते आणि भागाकार करता येत नाही, म्हणजे BC च्या रेषेवर असा गुरुत्वमध्यच नसतो. A मधून जाणारी ती रेषा BC ला समांतर आहे, असा त्याचा अर्थ घ्यावा.